बारनिशीतली एक ओळ

‘मेल आला होता, कुणीतरी उघडलाही होता, मग बिल दोन महिने दिसलं कसं नाही?’ कुठल्याही मध्यम आकाराच्या कारखान्यात हा प्रश्न वर्षातून चार-पाचदा विचारला जातो, आणि दर वेळी थोडा आवाज चढवून. उत्तर सोपं असतं. उघडणाऱ्याला वाटलं की अकाउंट्सवाले बघतील, आणि अकाउंट्सवाल्यांपर्यंत ते पोहोचलंच नाही.

भोसरीत पत्र्याचे भाग प्रेसवर काढणारा ऐंशी माणसांचा एक कारखाना डोळ्यांसमोर आणा. सगळ्या बाहेरच्या जगासाठी त्याचा मेलचा पत्ता एकच. सोमवारी सकाळी तो उघडला की त्यात स्टीलवाल्याचं बिल, गिऱ्हाइकाची पर्चेस ऑर्डर, दोन बायोडेटा, बँकेचं स्टेटमेंट, जीएसटीची नोटीस, कामगाराचा वैद्यकीय दाखला आणि एका पार्टीने पाठवलेलं दिवाळीचं भेटकार्ड असं सगळं एकाच रांगेत उभं असतं. जोडलेल्या प्रत्येक फाईलचा प्रकार ओळखायचा, ती योग्य विभागाकडे पाठवायची आणि सोबत एका ओळीत गोषवारा द्यायचा, हे काम संगणकाकडून कसं करून घेता येतं ते आता पाहू.

१. टपाल फोडणारा माणूस

हे काम नवं नाही. सरकारी कचेरीत किंवा साखर कारखान्यात आवक टेबलावर एक कारकून बसायचा. पाकीट फोडायचं, तारखेचा शिक्का मारायचा, आवक बारनिशीत नंबर टाकायचा, ‘कोणाकडून’ आणि ‘विषय’ हे रकाने भरायचे, आणि कागदाच्या कोपऱ्यात ज्या टेबलाकडे जायचा त्याचं नाव लिहायचं. एका कागदाला जेमतेम दोन मिनिटं.

त्या दोन मिनिटांत तो चार वेगळी कामं करत होता, पण त्याला ती वेगळी वाटत नसत. आत खरोखर काही कागद आहे का, हे बघणं. तो वाचणं. कोणत्या जातीचा आहे हे ठरवणं. आणि ‘विषय’ लिहिणं. मेल आल्यावर पाकीट गेलं आणि त्याबरोबर आवक टेबलही गेलं. त्या कारकुनाला परत आणायचं, तर ही चार कामं सुटी करून एकेक शिकवावी लागतात.

२. फाईलच्या नावावर जाऊ नये

लोक फाईलला काय वाट्टेल ते नाव देतात. `Scan0042.pdf`, `final_final2.pdf`, `IMG_20250611.jpg`. त्यामुळे नाव हा पुरावा धरायचाच नाही. शेवटची `.pdf` ही शेपटीसुद्धा धरायची नाही, कारण ती कुणालाही बदलता येते. फाईलचे पहिले काही बाइट मात्र सहसा खरं बोलतात. पीडीएफ फाईल `%PDF-` या अक्षरांनी सुरू होते. झिप फाईल `PK` ने सुरू होते. वर्ड आणि एक्सेलच्या नव्या फाईली आतून झिपच असतात, म्हणून त्यांची सुरुवातही `PK` नेच होते. शेपटी पीडीएफची आणि सुरुवात भलतीच निघाली, तर ती फाईल उघडायची नाही, आयटीच्या माणसाकडे द्यायची.

याच पायरीवर कचराही गळून पडतो. मेलखाली सहीसोबत येणारं कंपनीचं छोटं बोधचिन्ह बहुतेक वेळा `image001.png` अशा नावाने जोडफाईल म्हणून मोजलं जातं. तीच प्रतिमा, अगदी बाइटला बाइट जुळणारी, त्याच पाठवणाऱ्याच्या वीस मेलमध्ये आली असेल तर तो कागद नव्हे, लेटरहेडची नक्षी. उलट तेच बिल एकाच आठवड्यात तिसऱ्यांदा आलं, तर ते टाकून द्यायचं नाही. पहिल्या नोंदीला जोडून ‘पुन्हा आलं’ असं लिहायचं. तीनदा बिल पाठवणारा पैशाची वाट बघत असतो.

३. अक्षरं की अक्षरांचा फोटो

पीडीएफ दोन तऱ्हेची असते. एकीत खरी अक्षरं असतात, माउसने निवडून उचलता येतात. दुसरीत कागदाचा नुसता फोटो असतो. आपल्याला दोन्ही सारख्याच दिसतात, पण संगणकाला दुसरीत फक्त काळे-पांढरे ठिपके दिसतात. त्या ठिपक्यांतून अक्षरं ओळखण्याच्या क्रियेला ओसीआर म्हणतात. स्कॅन ३०० डीपीआयचं आणि सरळ असेल तर छापील कागदावर ती चांगली चालते. चुरगळलेल्या चलनाचा ट्यूबलाइटखाली काढलेला मोबाइल फोटो असेल, तर फारशी अपेक्षा ठेवू नये.

मराठी कागदांचा एक खास तिढा आहे. युनिकोड रुळण्याआधीचे फॉन्ट आजही अनेक कार्यालयांत वापरात आहेत. त्यांत आत अक्षर इंग्रजी असतं, फक्त त्याचं चित्र देवनागरी असतं. कृतिदेव फॉन्टमध्ये पडद्यावर ‘भारत’ दिसतं, पण उचलून दुसरीकडे टाकलं की `Hkkjr` पडतं. यंत्राला वाटतं की पानावर भरपूर मजकूर आहे, आणि त्यातलं काहीच त्याला कळत नाही. ओळखायची खूण अशी: पानावर पाचशे अक्षरं आहेत, पण ओळखीचा एक शब्दही नाही. असं दिसलं की आतली अक्षरं विसरायची, पानाचा फोटो समजायचा आणि मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांचं ओसीआर लावायचं. टेसरॅक्ट नावाच्या मोफत ओसीआरला हे एका ओळीत सांगता येतं:

```
tesseract page.png out -l mar+eng
```

ग्रामपंचायतीचा दाखला किंवा तलाठ्याचा उतारा येणाऱ्या ठिकाणी ही पायरी वगळली, तर सगळे मराठी कागद ‘ओळख पटली नाही’च्या गठ्ठ्यात साचतात. मग लोक म्हणतात, यंत्राला मराठी येत नाही.

४. कोणत्या जातीचा कागद?

आता मुख्य काम. अक्षरं हाती आली. हे बिल की ऑर्डर की कोटेशन?

सगळ्यात सरळ उपाय म्हणजे गुण देणं. प्रत्येक प्रकारासाठी काही खुणा ठरवायच्या, सापडली की गुण द्यायचे, ज्याचे गुण जास्त तो प्रकार. पानाच्या वरच्या एक-तृतीयांश भागात ‘इनव्हॉइस’ असेल तर बिलाला ५. ‘इनव्हॉइस नंबर’ या शब्दांशेजारी खरंच एक क्रमांक असेल तर २. एचएसएन कोडचा रकाना असेल तर १. ई-इनव्हॉइसवर आयआरएन नावाची ६४ अक्षरांची लांबलचक खूण असते, ती सापडली तर ४. एकूण १२.

त्याच कागदावर मध्ये कुठेतरी ‘तुमच्या पर्चेस ऑर्डरनुसार’ असंही लिहिलेलं असतं. म्हणजे ‘पर्चेस ऑर्डर’ हे शब्द बिलातही येतात. नुसते शब्द मोजणाऱ्या यंत्रणा इथेच घसरतात. म्हणून तोच शब्द पानाच्या डोक्यावर असेल तर ऑर्डरला ५ गुण, पोटात असेल तर १. आपल्या कागदावर बिल १२, ऑर्डर १. वाद नाही.

प्रोफॉर्मा इनव्हॉइस जास्त चावट असतो. दिसायला हुबेहूब बिल, पण खरं तर तो दरपत्रकाचा भाऊ. त्यावर पैसे देणं लागत नाही, आणि त्याच्या आधारे जीएसटीचं क्रेडिटही मिळत नाही. बिलाच्या हिशेबाने त्यालाही ५, २ आणि १ मिळून ८ गुण पडतात. म्हणून ‘प्रोफॉर्मा’ शब्द दिसला की बिलाचे ६ गुण कापायचे आणि कोटेशनला ६ द्यायचे. ‘हा दर ३० दिवस वैध’ अशी ओळ असेल तर कोटेशनला आणखी २. निकाल: कोटेशन ८, बिल २. कागद पर्चेसकडे.

आयआरएनबद्दल एक सावधगिरी हवी. ५ कोटींपेक्षा जास्त उलाढाल असलेल्यांनाच १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे. त्यामुळे आयआरएन असणं हा भक्कम पुरावा, पण नसणं हा कसलाच पुरावा नाही. छोट्या वर्कशॉपच्या बिलावर तो नसणारच.

निर्णय घ्यायला दोन अटी लावाव्यात. पहिल्या क्रमांकाला किमान ६ गुण हवेत, आणि दुसऱ्यापेक्षा किमान ४ ने पुढे हवा. यांतली एकही अट तुटली तर यंत्राने गप्प बसायचं आणि कागद माणसापुढे ठेवायचा. वहीच्या पानावर हाताने लिहून मोबाइलवर काढलेला रजेचा अर्ज सगळीकडे शून्य-एक गुण मिळवतो. तो माणसाकडे गेला म्हणजे यंत्रणा नीट चालली आहे. हे ६ आणि ४ वेदवाक्य नव्हेत. आपल्याच जुन्या दोन-तीनशे फाईलींवर चालवून बघून ते ठरवावेत.

प्रकार कळला तरी टेबल कळतंच असं नाही, हे मला फार उशिरा उमगलं. टॅक्स इनव्हॉइस म्हटलं की डोळे झाकून देणी बघणाऱ्याकडे पाठवत होतो. पण गिऱ्हाइकं आपलंच बिल शिक्का मारून, शेरा लिहून परत पाठवतात. तोही टॅक्स इनव्हॉइसच, फक्त जायला हवा वसुली बघणाऱ्याकडे. फरक एकाच गोष्टीत असतो: आपला जीएसटी क्रमांक विकणाऱ्याच्या जागी आहे की घेणाऱ्याच्या.

तो क्रमांक तपासायलाही सोयीचा आहे. एकूण १५ खुणा. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. पुढचे दहा म्हणजे त्या धंद्याचा पॅन: पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. चौदावी जागा सहसा `Z`, आणि पंधरावी आधीच्या चौदांवरून काढलेली पडताळणीची खूण. ओसीआरने शून्याच्या जागी ओ वाचला, तरी ती जागा अंकाची की अक्षराची हे माहीत असल्याने दुरुस्त करता येतो. दुरुस्ती चुकली तर बहुतेक वेळा शेवटची खूण जुळत नाही आणि आपण सावध होतो.

५. पाच पानांची एक फाईल

आता `Scan0042.pdf` उघडू. स्टीलवाल्याने मालासोबतचे सगळे कागद एकाच स्कॅनरमधून एकदम काढले आहेत. पहिलं पान टॅक्स इनव्हॉइस. दुसरं ई-वे बिल, ज्याचा क्रमांक १२ अंकी. तिसरं मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे पत्र्यात कार्बन किती, मॅंगनीज किती, ताण किती सोसतो. चौथं ट्रान्सपोर्टची लॉरी रिसीट, गावाकडे जिला बिल्टी म्हणतात. पाचवं वजनकाट्याची चिठ्ठी.

फाईलला एक प्रकार द्यायचा हट्ट धरला, तर पहिल्या पानावरून ‘बिल’ ठरतं आणि पाचही पानं अकाउंट्समध्ये जाऊन बसतात. तीन आठवड्यांनी क्वालिटीवाला विचारतो, ‘या कॉइलचं टेस्ट सर्टिफिकेट आलंच नाही का हो?’ म्हणून प्रकार फाईलला न देता पानाला द्यायचा. नवं डोकं, नवा क्रमांक किंवा ‘पान १’ दिसलं की नवा कागद सुरू. मागच्या कागदाचा क्रमांक आणि ‘पान २’ दिसलं तर तोच कागद पुढे चालू.

पण फाडून वेगळं करताना दोरा तुटू द्यायचा नाही. आपल्या बिलात लिहिलं आहे: २,००० किलो, दर ६२ रुपये, म्हणजे १,२४,००० रुपये. विकणारा महाराष्ट्रातला, माल महाराष्ट्रातच, म्हणून केंद्राचा ९ टक्के ११,१६० आणि राज्याचा ९ टक्के ११,१६०. एकूण १,४६,३२० रुपये. बेरीज जुळते, म्हणजे ओसीआरने आकडे नीट वाचले असा विश्वास ठेवता येतो. बेरीज जुळली नसती, तर आधी आपल्या वाचण्यावर शंका घ्यायची, स्टीलवाल्यावर नंतर.

आता काट्याची चिठ्ठी. भरलेली गाडी ५,४०० किलो, रिकामी ३,४४०. माल १,९६० किलो. चाळीस किलो कमी. ६२ रुपयांनी २,४८०, आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी ४४६.४० धरून २,९२६.४० रुपयांचा प्रश्न. बिल अकाउंट्सला आणि चिठ्ठी स्टोअर्सला गेली, आणि दोघांनाही दुसऱ्याकडे काय आहे हे माहीत नसलं, तर हा फरक कुणालाच दिसत नाही. दोघांचंही काम बिनचूक, आणि तोटा तसाच.

म्हणून पाचही पानांना एकच आवक क्रमांक द्यायचा, त्यापुढे १ ते ५. प्रत्येक पानाचा मालक एकच विभाग: बिल अकाउंट्सचं, सर्टिफिकेट क्वालिटीचं, बिल्टी, ई-वे बिल आणि चिठ्ठी स्टोअर्सची. बाकीच्यांना संच नुसता बघता यावा. एक कागद तिघांना ‘माहितीसाठी व कार्यवाहीसाठी’ पाठवला की कार्यवाही कुणीच करत नाही, हा कचेऱ्यांचा जुना अनुभव आहे.

६. ती एक ओळ

बारनिशीतला ‘विषय’ हा रकाना दीड-दोन इंच रुंद असायचा. जागाच नव्हती म्हणून कारकून नेमकं लिहायचा. पडद्यावर जागा अमाप आहे, त्यामुळे ओळ बिघडली. ‘सप्लायरकडून बिल प्राप्त झाले आहे, कृपया पाहावे’ ही ओळ वाचून फाईल उघडावीच लागत असेल, तर ती लिहिली नसती तरी चाललं असतं.

चांगल्या ओळीत कोण, काय, किती, मुदत असेल तर कधीपर्यंत, आणि आता काय करायचं एवढं येतं. आपल्या संचाची ओळ अशी होईल:

‘स्टीलवाल्याचं कॉइल बिल, २,००० किलो, ₹१,४६,३२०, काट्यावर १,९६० किलो, ४० किलो कमी, डेबिट नोटचं ठरवा.’

एवढ्यात अकाउंट्सच्या बाईंना कळतं की फाईल आज उघडायची की गुरुवारी.

ओळीतला प्रत्येक आकडा कागदावरून उचललेला असावा, किंवा दोन उचललेल्या आकड्यांची साधी वजाबाकी. वाचता आला नाही तर ‘रक्कम अस्पष्ट’ असं लिहावं. अंदाजाने भरलेली रक्कम कोऱ्या जागेपेक्षा वाईट, कारण ती खरी वाटते. तारखेचंही तसंच. अमेरिकन गिऱ्हाइकाच्या ऑर्डरवर ०३/०४ लिहिलं असेल तर तो ४ मार्च, आपल्याकडे ३ एप्रिल. ओळीत महिना नेहमी अक्षरांत लिहावा.

बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात `UDYAM-MH-` ने सुरू होणारा क्रमांक दिसला, तर पाठवणाऱ्याने उद्यम नोंदणी केलेली असते. बिल सूक्ष्म किंवा लघु उद्योगाच्या मालाचं किंवा जॉबवर्कचं असेल, तर पैसे देण्याची मुदत लेखी ठरलेली असली तरी ती ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. लेखी काही ठरलंच नसेल तर १५ दिवस. पावडर कोटिंग करून देणाऱ्या छोट्या शेडच्या ३८,००० रुपयांच्या बिलाची ओळ मग ‘लघु उद्योग, मुदत तपासा’ असं सांगून स्टीलच्या बिलाच्या वर येते, रक्कम चौथ्या हिश्शाच्या आसपास असली तरी.

काय लिहू नये, हेही ठरवावं लागतं. ही ओळ सूचनेच्या रूपात मोबाइलवर चमकते, शेजारच्यालाही दिसते. कामगाराच्या दाखल्याची ओळ ‘वैद्यकीय रजा, ४ दिवस, १२ जूनपासून’ इथे थांबते. आजाराचं नाव फाईलमध्येच राहतं. बायोडेटाच्या ओळीत सध्याचा पगार येत नाही.

आणि एक धोक्याची ओळ. ओळखीच्या सप्लायरच्या बिलावर बँकेचा खाते क्रमांक नेहमीचा नसेल, तर ओळीच्या सुरुवातीला ‘खाते बदललेले, फोन करून खात्री करा’ हे आलंच पाहिजे. तो फोन आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर करायचा, त्या बिलावर छापलेल्या नाही.

७. शुक्रवारचा गठ्ठा

चुका होणारच, पण सगळ्या चुका एका किमतीच्या नसतात. बायोडेटा चुकून पर्चेसकडे गेला तर एक उमेदवार दोन दिवस थांबतो. चेक न वटल्याची नोटीस चुकीच्या टेबलावर पडली, तर ती मिळाल्यापासूनचे पैसे भरायचे १५ दिवस सरत राहतात.

असं मी पाहिलं आहे. एका कारखान्यात वकिलाची अशीच नोटीस एचआरच्या फोल्डरमध्ये नऊ दिवस पडून होती. कारण शोधलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. बायोडेटाच्या खुणांत आम्ही पदव्यांना, पत्त्याला आणि मोबाइल नंबरला गुण दिले होते. वकिलांच्या लेटरहेडवर सगळ्यात वर काय असतं? नाव, बी.कॉम., एलएल.बी., पत्ता, मोबाइल. यंत्राच्या दृष्टीने तो उत्तम उमेदवार होता.

त्यानंतर क्रम बदलला. आता इतर कशाचेही गुण मोजण्याआधी महागड्या कागदांची चाळणी लागते. ‘लीगल नोटीस’, ‘कारणे दाखवा’, कलम १३८, जीएसटीच्या एएसएमटी-१० सारख्या फॉर्मचे क्रमांक यांतलं काहीही पानावर कुठेही दिसलं, तर बाकी गुण काहीही असोत, कागद थेट माणसाकडे जातो आणि ओळीत मिळाल्याची तारीख येते. यामुळे जीएसटी सल्लागारांची माहितीपत्रकंही रोज दोन-तीन तिथे येऊन पडतात. ती पुसायला अर्धं मिनिट लागतं.

उरलेल्या चुका शोधायला प्रत्येक विभागाला एकच बटण दिलं: ‘माझं नाही’. ते दाबलं की कागद परत येतो आणि कुणाचा होता तेही नोंदवलं जातं. शुक्रवारी दुपारी हा परत आलेला गठ्ठा काढून, कोणता प्रकार कोणता म्हणून गेला ते मोजायचं. एकाच जोडीची चूक तीनदा दिसली की तिथे खूण कमी पडते आहे, नवी शोधायची. पण ‘माझं नाही’ हे बटण फक्त उघडलेल्या कागदाची चूक सांगतं. न उघडलेल्या कागदाची चूक गठ्ठ्यात येतच नाही, म्हणून त्याच दुपारी बरोबर गेलेल्या मानलेल्या फाईलींतून कुठल्याही वीस उचलून माणसाने पुन्हा बघायच्या.

त्या वीसमध्ये पहिल्याच शुक्रवारी एक डेबिट नोट निघाली, आमच्याच नावावर फाडलेली, गिऱ्हाइकाकडून. बिलासारखी दिसते म्हणून देणी बघणाऱ्याकडे गेली होती, आणि त्याने ती ‘पेमेंट बाकी’मध्ये लावून ठेवली होती.